वसूल झाले म्हणजे कमावले का? अंबडच्या एका शेडमधला पेबॅकचा हिशेब

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दोन भावांचे एक वर्कशॉप आहे असे समजा. पत्र्याची शेड, सात-आठ मशीन, कामगार पंधरा-वीस, आणि काम बहुतेक वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांसाठी जॉबवर्कचे. हाताशी १२ लाख रुपये लावायची सोय आहे आणि टेबलावर दोन कोटेशन पडली आहेत. भाऊ कल्पित आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी गोल केले आहेत, पण असे टेबल सातपूर, अंबड किंवा सिन्नरला शोधायला लांब जावे लागणार नाही.

पहिले कोटेशन एका एसपीएमचे आहे, म्हणजे एकाच कामासाठी बांधून घेतलेले स्पेशल पर्पज मशीन. गाडीच्या एका विशिष्ट मॉडेलला लागणारा एक पार्ट त्यावर बनेल. मजुरी, वीज, टूल वगैरे सगळा खर्च जाऊन नगामागे ५ रुपये हातात राहतील. पहिली दोन वर्षे वर्षाला १ लाख नग, तिसऱ्या वर्षी मॉडेल उतरणीला लागेल म्हणून ६० हजार, चौथ्या वर्षी फक्त २० हजार, आणि मग मॉडेल बंद. म्हणजे हातात येणारे पैसे अनुक्रमे ५ लाख, ५ लाख, ३ लाख आणि १ लाख.

दुसरे कोटेशन शेडच्या छतावर २५ किलोवॅट सोलर बसवण्याचे, तेही १२ लाखांचे. आपल्या भागात एक किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घसरते, मार्च-एप्रिलमध्ये भरून निघते. २५ किलोवॅटचे वर्षाला ३६,५०० युनिट झाले. युनिटमागे साडेआठ रुपये वाचतात असे धरले, तर ३ लाख १० हजार. त्यातून धुणे-पुसणे आणि विम्याचे १० हजार वजा केले की ३ लाख उरतात. पॅनेल जुने होतील तसे थोडे कमी देतील, विजेचा दर थोडा वाढेल. दोन्ही एकमेकांत फिटले असे समजून दरवर्षी ३ लाखच धरू. पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, पण आपण हात राखून १५ वर्षेच मोजू.

"दादा, सोलरला चार वर्षं लागतात," धाकटा म्हणतो, "पण नंतर अकरा वर्षं वीज जवळजवळ फुकट आहे."

"चार वर्षं कोणी पाहिली? एसपीएमचे पैसे अडीच-पावणेतीन वर्षांत मोकळे होतात. ते झालं की पुढचं पुढे."

थोरला जे बोलला तोच पेबॅक पिरियड. लावलेली रक्कम येणाऱ्या पैशांतून पूर्ण परत यायला लागणारा काळ. सोलरसाठी तो काढायला भागाकार पुरतो, कारण दरवर्षी सारखीच रक्कम येते: १२ लाख भागिले ३ लाख, ४ वर्षे. एसपीएमची रक्कम बदलती आहे, तिथे बेरीज करत जावे लागते. दोन वर्षांत १० लाख आले, २ लाख बाकी राहिले. तिसऱ्या वर्षी ३ लाख येणार आहेत, तेव्हा त्या वर्षाचा दोन-तृतीयांश भाग, म्हणजे ८ महिने. एकूण २ वर्षे ८ महिने. पैसे वर्षभर सारख्या गतीने येतात असे यात गृहीत आहे. सण किंवा हंगामावर चालणाऱ्या धंद्यात हे गृहीतक टिकत नाही, तिथे महिन्यांच्या हिशेबाने बेरीज करावी.

या मोजमापाला हसणारे पुष्कळ आहेत, विशेषतः वित्तशास्त्र शिकून आलेले. पण थोरल्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याच्याकडे पैशाचा साठा छोटा आहे त्याला रक्कम किती काळ अडकून राहणार हे कळायलाच हवे, कारण मधल्या काळात मोठ्या ग्राहकाने बिल थकवले तर पगार कशातून करायचा हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखरच उभा राहतो. शिवाय जितके दूरचे वर्ष तितका अंदाज कच्चा. मोठ्या कंपन्यांनीही ही पद्धत टाकून दिलेली नाही. ड्यूक विद्यापीठातले जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी ३९२ वित्तप्रमुखांची पाहणी करून २००१ साली निष्कर्ष छापले. त्यात सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले होते की आम्ही पेबॅक नेहमी किंवा जवळजवळ नेहमी वापरतो. अमेरिकेतल्या वित्तप्रमुखांना जे सोडवत नाही, ते अंबडच्या थोरल्याने वापरले तर त्याला नावे कशाला ठेवायची?

घोटाळा होतो तो या आकड्याला त्याच्या कुवतीबाहेरचा प्रश्न विचारल्याने. "रक्कम कधी मोकळी होणार" हे पेबॅक सांगतो. "हा व्यवहार करावा का" आणि "दोन्हींत चांगला कोणता" हे त्याला सांगता येत नाही, पण आपण तेच त्याच्याकडून वदवून घेतो.

आता त्याला काय दिसत नाही ते बघू. एसपीएमच्या बेरजेत आपण २ वर्षे ८ महिन्यांना थांबलो. त्यानंतर तिसऱ्या वर्षाचे उरलेले १ लाख आणि चौथ्या वर्षाचे १ लाख येतात आणि संपते. सोलरच्या बेरजेत आपण चौथ्या वर्षी थांबलो. त्यानंतर ११ वर्षे प्रत्येकी ३ लाख, म्हणजे ३३ लाख, यायचे बाकी आहेत. पेबॅकच्या उत्तरात या २ लाखांचा आणि ३३ लाखांचा लवलेशही नाही. पाचव्या वर्षी सोलरवर वीज पडून ते बंद पडले असते, तरीही पेबॅक ४ वर्षेच आला असता. हा पहिला आंधळा कोपरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा.

नाशिककराला हे वेगळे समजावून सांगायला नको खरे तर. निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग पहिल्या वर्षी मांडव, तारा, ठिबक आणि रोपांवर पैसा खाते आणि हातात काही देत नाही. "दोन वर्षांत पैसे निघाले पाहिजेत" असा नियम कोणी कडक पाळला असता तर या जिल्ह्यात बागा उभ्याच राहिल्या नसत्या. आणि ही दोन किंवा तीन वर्षांची मर्यादा येते कुठून? ती कोणत्याही हिशेबातून येत नाही. वडील म्हणायचे, सीए म्हणाला, शेजारच्या प्लॉटवाल्याने तसे केले, एवढाच तिचा आधार असतो.

दुसरा आंधळा कोपरा आतला आहे. पेबॅकच्या बेरजेत आजचा रुपया आणि तीन वर्षांनी येणारा रुपया एकाच मापाने मोजले जातात. थोरला बँकेकडून १२ टक्क्यांनी कर्ज घेणार असेल, तर १२ लाखांवर पहिल्याच वर्षी १ लाख ४४ हजार व्याज चढते. मशीनने त्या वर्षी दिलेल्या ५ लाखांतले तेवढे तर व्याजातच गेले, मुद्दलात गेले फक्त ३ लाख ५६ हजार. पेबॅकने मात्र पूर्ण ५ लाख वसुलीत जमा धरले. पैसे कर्जाचे नसून स्वतःचे असले तरी फरक पडत नाही. तेच पैसे दुसरीकडे काही कमावू शकले असते, ती कमाई सोडून आपण ते इथे लावलेत.

डिस्काउंटेड पेबॅक हा दुसरा कोपरा दुरुस्त करायला आला. पुस्तकात त्याची कृती अशी दिलेली असते: दर वर्षी येणारी रक्कम आजच्या मोलात उतरवा आणि मग बेरीज करा. १२ टक्के दराने एका वर्षाने येणारे ५ लाख आज ५ भागिले १.१२, म्हणजे ४ लाख ४६ हजारांच्या बरोबरीचे. दोन वर्षांनी येणाऱ्यांना १.१२ ने दोनदा भागायचे, तीन वर्षांनी येणाऱ्यांना तीनदा.

ही कृती बरोबर आहे, पण दुकानात बसून ती कोणाच्या गळी उतरत नाही असा अनुभव आहे. त्यापेक्षा एक कर्जखाते उघडल्याचे समजा. आज खात्यात १२ लाखांचे कर्ज. वर्षअखेर त्यावर १२ टक्के व्याज चढवा, मशीनने दिलेले सगळे पैसे त्यात भरा, बाकी काढा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्या दिवशी खाते शून्यावर येते तो डिस्काउंटेड पेबॅक. हे खाते आणि पुस्तकातला भागाकार यांची उत्तरे तंतोतंत एक येतात. फक्त भागाकार सगळे आकडे आजच्या दिवसावर आणून मोजतो आणि खाते पुढे पुढे चालत जाते.

एसपीएमचे खाते असे चालते:

| वर्ष | व्याज चढवून बाकी (लाख) | भरणा (लाख) | उरलेली बाकी (लाख) |
|---|---|---|---|
| १ | १३.४४ | ५ | ८.४४ |
| २ | ९.४५ | ५ | ४.४५ |
| ३ | ४.९९ | ३ | १.९९ |
| ४ | २.२३ | १ | १.२३ |

चार वर्षे संपली, मॉडेल बंद झाले, मशीन कोपऱ्यात गेले, आणि खात्यावर अजून १ लाख २३ हजार बाकी आहेत. साधा पेबॅक म्हणत होता की पैसे २ वर्षे ८ महिन्यांत वसूल झाले. डिस्काउंटेड पेबॅक म्हणतो, कधीच होत नाहीत. ही १ लाख २३ हजारांची बाकी आजच्या मोलात सुमारे ७८ हजार होते. एसपीएम घेणे म्हणजे आजच ७८ हजार सोडून देण्यासारखे. मशीन भंगारात जाताना ४० हजार आले तरी चार वर्षांनंतरचे ते पैसे आज २५ हजारांचे, म्हणजे निकाल बदलत नाही.

थोरल्याला हे पटायला जड जाईल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर १२ लाख गेले आणि १४ लाख आले. २ लाख वर आलेच की. आले, पण किती काळात? या व्यवहारात गुंतलेला पैसा वर्षाला जेमतेम ८ टक्क्यांनी वाढला. बँक १२ टक्के घेते. "फायदा झाला पण पैसा कुठे गेला" असे जे मार्चअखेरीस ऐकू येते, त्यामागे अनेकदा हाच ८ आणि १२ मधला फरक असतो.

सोलरचे खाते त्याच पद्धतीने चालवले तर वर्षाअखेरीच्या बाक्या १०.४४, ८.६९, ६.७४, ४.५४ आणि २.०९ लाख अशा उतरतात. साधा पेबॅक जिथे "वसूल" म्हणाला त्या चौथ्या वर्षाच्या शेवटी खात्यावर अजून साडेचार लाख आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सहाव्या वर्षी बाकी व्याजासह २ लाख ३४ हजार होते आणि त्या वर्षीच्या ३ लाखांतून ती फिटते, २.३४ भागिले ३ म्हणजे वर्षाचे साधारण ९ महिने. डिस्काउंटेड पेबॅक ५ वर्षे ९ महिने. चार वर्षांपेक्षा जास्त, पण पंधरा वर्षांच्या आयुष्यात आरामात बसणारा.

दर कोणता धरायचा, यावर डिस्काउंटेड पेबॅकचे उत्तर बरेच हलते. १२ ऐवजी १८ टक्के लावले तर सोलरचे खाते शून्यावर यायला सुमारे ७ वर्षे ८ महिने लागतात. म्हणून दर मनाने ठरवू नये. ज्या दराने बँक तुम्हाला मुदत कर्ज देते तो खालचा पाया धरावा. काम जोखमीचे असेल तर त्यावर थोडे चढवावे. बचत ठेवीचा दर लावणे ही मात्र स्वतःची फसवणूक आहे. एकच ग्राहक आणि एकच मॉडेल यांच्या भरवशावर असलेल्या एसपीएमची जोखीम बँकेतल्या ठेवीपेक्षा नक्कीच जास्त आहे.

इथपर्यंत डिस्काउंटेड पेबॅकने चांगले काम केले. पैशाच्या वेळेचा हिशेब धरला आणि तोट्याचा व्यवहार पकडला. त्याचा एक गुण निश्चित सांगता येतो: खाते प्रकल्पाच्या आयुष्यातच शून्यावर आले आणि त्यानंतर मोठा खर्च येणार नसेल, तर तो व्यवहार त्या दराने तोट्याचा असू शकत नाही. साध्या पेबॅकला अशी ग्वाही देता येत नाही, एसपीएमने ते दाखवलेच. पण पहिला कोपरा, वसुलीनंतरचे न दिसणे, तसाच राहिला. डिस्काउंटेड पेबॅकही खाते शून्यावर आले की वही मिटतो.

हे ताडून बघायला एसपीएमची ऑर्डर थोडी सुधारू. समजा ग्राहकाशी बोलून नगामागे ५ ऐवजी ६ रुपये सुटू लागले. आता पैसे ६, ६, ३.६ आणि १.२ लाख येतील. साधा पेबॅक बरोबर २ वर्षे. खाते चालवले तर ते सुमारे २ वर्षे ९ महिन्यांत शून्यावर येते. दोन्ही मापांनी एसपीएम सोलरच्या पुढे गेले. पण चार वर्षांअखेर खात्यात जे वर राहते त्याचे आजचे मोल, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, सुमारे १ लाख ४७ हजार. सोलरचे पंधरा वर्षांचे तेच मोल, अकराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला दीड लाख धरूनही, सुमारे ८ लाख.

यावर एक रास्त हरकत घेता येते. चार वर्षांनी एसपीएमचे पैसे मोकळे होतात, ते दुसऱ्या ऑर्डरला लावता येतात. चार वर्षांची तुलना पंधरा वर्षांशी कशी करायची? हरकत खरी आहे, म्हणून दोन्ही आकडे वर्षाला किती पडतात ते काढतात. एसपीएमचा लाभ वर्षाला सुमारे ४८ हजार पडतो, सोलरचा १ लाख १७ हजार. म्हणजे तितकीच चांगली ऑर्डर दर चार वर्षांनी हमखास मिळत गेली तरी सोलर पुढेच. आणि तशी ऑर्डर मिळेलच याची हमी कोणी देत नाही. दोघांपैकी एकच निवडायचे असेल तेव्हा पेबॅकचा, साध्या किंवा डिस्काउंटेड, क्रमांक लावण्यासाठी उपयोग करू नये असे माझे ठाम मत आहे.

वसुलीनंतरचे न दिसणे नेहमी सुटलेल्या फायद्याचेच असते असेही नाही. कधी खर्च सुटतो. अंबड-सातपूरच्या कितीतरी शेडवरचे पत्रे जुने आहेत. पत्रे आठव्या वर्षी बदलावे लागले तर वरचे सगळे पॅनेल आणि त्यांचे सांगाडे उतरवायचे, पत्रे घालायचे, पुन्हा चढवायचे, तोवर वीज बंद. पॅनेलच्या या उतरवण्या-चढवण्याला अडीच लाख धरले तर आजच्या मोलात १ लाख होतात आणि सोलरचे ८ लाखांचे ७ होतात. निर्णय बदलत नाही, पण डिस्काउंटेड पेबॅक मात्र ५ वर्षे ९ महिनेच राहतो, कारण हा खर्च खाते बंद झाल्यावर आला. शेवटी मोठा खर्च असलेल्या कामात, उदाहरणार्थ खडीच्या खाणीत जिथे काम संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यायची असते, खाते एकदा फिटून पुन्हा कर्जात जाऊ शकते. तिथे "वसुलीची तारीख" या गोष्टीलाच अर्थ उरत नाही. सोलरवाल्याला विचारायचा प्रश्न त्यामुळे "पैसे कधी वसूल" इतकाच नसावा. आपल्या पत्र्यांचे किती आयुष्य उरले हे आधी एखाद्या फॅब्रिकेटरला वर चढवून बघून घ्यावे, आणि गरज असेल तर पत्रे आधी बदलून तो खर्च १२ लाखांत मिळवावा.

दोन्ही पेबॅकना न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घड्याळ कधी सुरू झाले. कोटेशनवरचा पेबॅक मशीन पूर्ण वेगाने चालू लागले त्या दिवसापासून मोजलेला असतो. तुमचे पैसे मात्र ॲडव्हान्सच्या चेकपासून अडकतात. एसपीएम बांधून यायला काही महिने, मग ट्रायल, मग ग्राहकाची नमुना-मंजुरी, मग कुठे नियमित माल. समजा मंजुरी सहा महिने लांबली आणि पहिल्या वर्षी १ लाखाऐवजी ५० हजारच नग गेले. मॉडेल बंद होण्याची तारीख तुमच्यासाठी पुढे सरकत नाही. तेव्हा पैसे २.५, ५, ३ आणि १ लाख, एकूण ११.५ लाख. साधा पेबॅकसुद्धा आता येत नाही! सोलरला सहा महिने उशीर झाला तर शेवटी सहा महिने जास्त मिळतात. एसपीएमचे गेलेले सहा महिने गेलेच. ठरलेल्या तारखेला संपणाऱ्या ऑर्डरमधला उशीर आणि आयुष्यभर चालणाऱ्या वस्तूचा उशीर यांत हा फरक असतो, आणि कोणतेही एक उत्तर देणारे सूत्र तो दाखवत नाही. हिशेब दोनदा करावा लागतो, एकदा ठरल्याप्रमाणे आणि एकदा उशीर धरून.

तसेच हातात आलेले पैसे मोजायचे, बिल नव्हे. ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देत असेल तर पहिल्या वर्षी नऊ महिन्यांच्याच बिलांचे पैसे आले. कच्च्या मालाच्या साठ्यात जे अडकले तेही सुरुवातीच्या गुंतवणुकीत धरायला हवे. एसपीएमला यात फटका बसतो. सोलरची बचत त्याच महिन्याच्या वीजबिलात दिसते.

हे सगळे एक्सेलमध्ये पाच मिनिटांचे काम आहे. खाते चालवायचे तर `B1` मध्ये दर, `B3` मध्ये गुंतवणूक (धन आकड्यात), आणि `B4` पासून खाली दर वर्षाचा भरणा लिहा. `C3` मध्ये सुरुवातीची बाकी, आणि `C4` मधले सूत्र खाली ओढा:

```
C3:  =B3
C4:  =C3*(1+$B$1)-B4
```

ज्या ओळीत `C` पहिल्यांदा ऋण होतो त्या वर्षी खाते फिटले. निव्वळ वर्तमान मूल्य हवे असेल तर एसपीएमच्या चार वर्षांसाठी:

```
=NPV($B$1,B4:B7)-B3
```

इथे एक नेहमीची चूक होते. एक्सेलचे `NPV` पहिला आकडा एका वर्षानंतरचा समजते. गुंतवणूकही त्याच्या कंसात घातली तर आज दिलेले १२ लाख वर्षभराने दिल्यासारखे मोजले जातात. म्हणून ती बाहेर वजा करायची.

दुसरी चूक कर्ज घेणाऱ्यांची. मशीनच्या कमाईतून बँकेचा हप्ता वजा करायचा आणि उरलेल्यावर पुन्हा १२ टक्के दर लावायचा, असे केलेले तक्ते मी पाहिले आहेत. त्यात व्याज दोनदा कापले जाते. खात्याचे चित्र डोळ्यांसमोर असेल तर हे लगेच दिसते: व्याज खात्यात चढतेच आहे, मग ते भरण्यातून आधी कशाला काढायचे? हप्ता भरायची ताकद आहे का हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे, त्याचा तक्ता वेगळा करावा. घसाराही भरण्यातून वजा करू नये, कारण तो पैसा कुठे जात नाही. घसाऱ्यामुळे वाचणारा कर मात्र जमेत धरता येतो. वरच्या उदाहरणात मी कर दोन्हीकडे सोडून दिला आहे. तुमच्या तक्त्यात तो धरा, सीएला विचारून.

भावांचे पुढे काय? सोलर तर घ्यावेच, असे आकडे म्हणतात. पण एसपीएमची ऑर्डर लगेच सोडायचीही गरज नाही, कारण आता थोरल्याला कळले आहे की ती नेमकी कितीने अडते. ५, ५, ३ आणि १ लाखांचे आजचे मोल ११ लाख २२ हजार होते. म्हणजे मशीनवाल्याने किंमत ११ लाख २० हजारांवर आणली, किंवा ग्राहकाने टूलिंगपोटी ८० हजार सुरुवातीलाच दिले, तर खाते फिटते. नाहीतर नगाचा रेट वाढवून घ्यायचा. किती? ५ रुपयांचे ५ रुपये ३५ पैसे सुटू लागले की चौथ्या वर्षाअखेर खाते शून्यावर येते.

"पस्तीस पैशांसाठी एवढा हिशेब?" थोरला विचारतो.

"दादा, परचेसवाला पस्तीस पैशांना नाही म्हणणार नाही. पण मंजुरीला उशीर झाला तर त्याने काय द्यायचं, आणि चार वर्षांत कमीत कमी किती नग उचलायचे, हे त्याच्याकडून लिहून घे. आपले पैसे तिथे अडतात."

किमान नगांची अट लिहून मिळत नसेल, तर ३५ पैशांनी काम होणार नाही. उशिराचा तक्ता, ज्यात एकूण ५० हजार नग कमी आहेत, समोर ठेवून रेट काढला तर नगामागे साडेसहा रुपयांच्या पुढे जावे लागते. त्या रेटला ग्राहक तयार झाला तर एसपीएम घ्यावे, नाही झाला तर घेऊ नये.